एक हात, दोन पाय: तळहाताच्या सालपटांचं उत्तर बुटात असतं

जुलैतली गोष्ट. बेळगावात त्या आठवड्यात ऊन कसलं ते दिसलं नव्हतं आणि आमच्या लॅबच्या दाराशी ओल्या छत्र्यांखाली पाण्याचं तळं साचलं होतं. तो आला तो डावा तळहात पुढे करूनच आला. वय अडतीस, उद्यमबागेत धातू ओतायच्या एका फाउंड्रीत मोल्डिंगचं, म्हणजे काळ्या वाळूचे साचे दाबायचं काम, गाव खानापूरकडचं. तळहात कोरडा ठक्क, जणू मैद्याचं पीठ चोळून झटकलंय. रेषारेषांत पांढरी भुकटी भरलेली. उजवा हात मात्र स्वच्छ. घट्टे होते, पण ते कामाचे.

कातडीच्या डॉक्टर मॅडमनी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘डावा तळहात आणि दोन्ही तळपाय, खरवड’. म्हणजे कातडीचा कोंडा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघायचा. ते माझं काम. मी त्याला बूट काढायला सांगितलं तर तो वैतागला. “ताई, दुखणं हाताचं हाय. पाय कशाला बघताय?”

पायमोजे निघाले आणि उत्तर समोर आलं. दोन्ही तळपाय टाचेपासून बोटांपर्यंत तसेच पांढरट, कोरडे, बारीक सालपटं सुटलेले. कडेने ही पांढरट पट्टी वर चढून एका रेषेत थांबलेली, एखादी सपाट चप्पल घालून काढल्यासारखी. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं आणि जाड. “हे होय? ह्या भेगा. बारा-तेरा वर्षं हाईत. खाजत नाहीत की.”

दोन पाय आणि एक हात. कातडीचे डॉक्टर याला इंग्रजीत ‘टू फीट, वन हँड’ असंच म्हणतात. इतका ठळक नमुना असूनही तो वर्षानुवर्षं निसटतो, कारण हात दाखवायला आलेल्या माणसाला बूट काढायला कुणी सांगत नाही.

आधी बुरशी म्हणजे काय ते बघू

आपल्याकडे याला नायटा म्हणतात, गजकर्ण म्हणतात. मांडीच्या सांध्यात किंवा पोटावर गोल चकंदळ उठतं, कडा लाल असते, खाज सुटते, ते सगळ्यांना ओळखता येतं. तळहात आणि तळपायावर तीच जात बसली तर मात्र चकंदळ उठत नाही, म्हणून ओळख पटत नाही.

ही बुरशी केराटिन खाते. केराटिन म्हणजे आपली नखं, केस आणि कातडीचा वरचा मेलेला थर ज्या चिवट पदार्थाचा बनतो तो. नुसत्या केराटिनवर जगणाऱ्या या बुरशांच्या टोळीतली हात-पायांवरची सर्वांत नेहमीची सदस्य म्हणजे ट्रायकोफायटन रुब्रम. इटालियन डॉक्टर कॅस्टेलानीने १९१० साली तिचं वर्णन केलं. इथून पुढे मी तिला नुसतं ‘बुरशी’ म्हणेन.

निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात ऊस बघितलेल्याला हे समजवायला सोपं आहे. उसाच्या कांड्याला बाहेरून वाळलेलं पाचट लपेटलेलं असतं. आत रस आहे, जीव आहे, पण पाचट मेलेलं. आपल्या कातडीलाही असं पाचट असतं आणि ते सगळ्यात जाड कुठे, तर तळहातावर आणि तळपायावर. बुरशी त्या पाचटात राहते. कांड्यात शिरत नाही, रक्तात जात नाही. म्हणून ताप येत नाही, पू होत नाही, बऱ्याचदा खाजही येत नाही. शरीराची राखणदार फौज रक्तातून येते आणि रक्त तर पाचटात पोचतच नाही.

आणखी दोन गोष्टी बुरशीच्या पथ्यावर पडतात. अंगावर इतरत्र केसांच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात आणि त्या तेलातली काही आम्लं बुरशीला मानवत नाहीत. तळहात-तळपायाला केस नाहीत, म्हणून ते तेलही नाही. दुसरं म्हणजे या बुरशीच्या भिंतीत एक साखरेसारखा पदार्थ असतो, जो आजूबाजूच्या फौजेला गुंगी आणतो. प्राण्यांकडून आलेली बुरशी माणसाच्या अंगावर लाल, फुगलेलं, ठणकणारं गळू करते आणि त्या आरडाओरड्यातच बऱ्याचदा हाकलली जाते. ही बुरशी गुपचूप बसते. शेजाऱ्याला त्रास न देता वीस वर्षं खोली न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी.

सुरुवात पायातून

हातापेक्षा पाय आधी, हा जवळजवळ नियम आहे. १९९७ साली अशा ८० रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत पायाची किंवा पायाच्या नखांची बुरशी आधी आणि हाताची नंतर, असा क्रम दिसला. मधलं अंतर वर्षांचं असू शकतं.

याचं कारण बुटात आहे. फाउंड्रीत सेफ्टी शूज आठ तास पायात असतात. समोर भट्टी, आत मोजा. तळपायाला घामाच्या ग्रंथी अंगावर सर्वांत दाट. घाम बाहेर जात नाही, कातडी पांढरी फुगते आणि पाचट ओलं राहतं. ओल्या पाचटात बुरशीची मुळं भराभर सरकतात. पावसाळ्यात भाताच्या चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या चिखल्या आपण ओळखतो. त्यातल्या काही ओलाव्याच्या, काही जिवाणूंच्या आणि काही बुरशीच्या असतात. बेचक्यातली बुरशी तिथेच थांबली तर खाजते, वास येतो, माणूस औषध लावतो. तळव्याकडे सरकली की ती कोरडी होते, गप्प होते, आणि मग तिचं नाव ‘भेगा’ पडतं.

भेगा म्हटलं की आपल्याकडे पुढचा विचार बंद. खोबरेल, मेण, कोकमाचं तेल. बायका दगडाने घासतात, बाप्ये ब्लेडने टाच तासतात. खऱ्या भेगा प्रामुख्याने टाचेच्या कडेला असतात. बुरशीचा कोरडेपणा टाचेतून पुढे तळव्याच्या खोलगट भागात जातो, जिथे जमिनीचा दाब नाही आणि भेग पडायचं काही कारण नाही. तळव्याच्या मधल्या कमानीत बारीक पांढरी सालपटं दिसली, रेषांमध्ये भुकटी दिसली, की तेल ठेवून द्यावं.

दोन्ही पायांना होतं, मग दोन्ही हातांना का नाही?

खरा कोड्याचा भाग हा. लोक विचारतात, तो प्रश्न अगदी बरोबर आहे.

दोन पाय जन्मभर एकच काम करतात. एकाच मापाच्या दोन बुटांत, तेवढेच तास, तोच घाम, बाथरूमची तीच ओली फरशी. एकाला जे मिळतं ते दुसऱ्याला मिळतंच. हातांचं तसं नाही. हातांनी कामं वाटून घेतलेली असतात. एक धरतो, दुसरा कापतो. एक वाढतो, दुसरा ताट सांभाळतो. आणि एक हात पाय खाजवतो. त्या ८० रुग्णांच्या पाहणीतही तेच दिसलं होतं: ज्या हाताने माणूस तळपाय खाजवतो किंवा पायाची नखं कुरतडतो, साधारणपणे तोच हात बिघडतो.

म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवा? बहुधा. पण आमच्या मोल्डरचा डावा होता आणि तो पक्का उजव्या हाताचा. मॅडमनी त्याला विचारलं होतं, “रात्री जेवून झाल्यावर काय करता?” मांडी घालून टीव्हीसमोर बसतो म्हणाला. मग जरा लाजून, “मोबाईल बघतो.” मोबाईल उजव्या हातात. डावा हात रिकामा, मांडीवर आलेल्या तळपायावर. अर्धा-पाऊण तास तो डाव्या हाताच्या बोटांनी टाचेची सालपटं सोलतो, आपल्याला कळतही नाही इतक्या सवयीने. बायको ओरडते म्हणाला. तिचं बरोबर होतं.

आता या अर्ध्या तासात काय घडतं ते बघा. पायाला नुसता हात लागणं वेगळं. इथे नखाने सालपट उचललं जातं, बोटाच्या पेरांत चुरगळलं जातं, तळहातात गोळा होतं. त्या प्रत्येक सालपटात बुरशीचे धागे आणि चिवट बिया असतात. अशा सालपटात ती अंगाबाहेरही कित्येक महिने जिवंत राहू शकते. हे रोज, वर्षानुवर्षं. दुसऱ्या हाताला पाय लागतो तो आंघोळीत, साबण-पाण्यासकट, मिनिटभर. एका शेतात रोज मूठभर बी टाकलं आणि दुसऱ्यात वाऱ्याने दोन दाणे उडाले, इतका हा फरक आहे.

पण एक हात दुसऱ्याला लागतोच की!

ही शंका त्यानेच काढली आणि मला आवडली. हात जोडतो, चोळून धुतो, मग बुरशी पलीकडे का जात नाही?

एक उत्तर असं की बी पडणं आणि रुजणं यांत अंतर आहे. बुरशीची बी कातडीला चिकटायला काही तास लागतात, आणि मग मुळं आत जायला आणखी वेळ. तेवढ्यात हात धुतला गेला, कोरडा झाला, तर ती वाहून जाते. तळहात दिवसात दहा वेळा धुतला जातो, हवेशीर असतो. खरं तर तळहात ही बुरशीला वाईट जमीनच आहे. म्हणून तर तळपायाच्या मानाने तळहाताची बुरशी कमी दिसते. वाईट जमिनीत पीक यायचं तर बी फार लागतं, सारखं लागतं. ते मिळतं फक्त सोलणाऱ्या हाताला.

एकदा बस्तान बसलं की मात्र धुऊन जात नाही, कारण मुळं पाचटाच्या खालच्या थरापर्यंत गेलेली असतात. साबण वरचं धुतो.

काम आणि घट्टेही यात भर घालतात. दाबाने, घर्षणाने, हातमोज्याच्या आतल्या घामाने एका हाताची कातडी जास्त जाड किंवा जास्त ओलसर राहिली तर तिथे रुजणं सोपं. आणि काही घराण्यांच्या कातडीतच या बुरशीला सामावून घेण्याचा कल असतो. एकाच बाथरूममध्ये एकाला बुरशी जडते आणि दुसरा तिथेच नांदून कोरा राहतो.

एवढं सांगूनही काही उरतंच. काही माणसं पाय कधीच सोलत नाहीत तरी एकच हात बिघडलेला असतो. काहींचे दोन्ही हात बिघडतात, क्वचित एकच पाय. सोलणाऱ्या हाताचा खुलासा बहुतेकांना लागू पडतो, पण विज्ञानाने हे कोडं पूर्ण सोडवलेलं नाही.

‘वाळूची अॅलर्जी असेल’

फाउंड्रीतला माणूस काळ्या वाळूला दोष देतो, गवंडी सिमेंटला, धुणीभांडी करणारी बाई साबणाला. हे चूक नाही. या तिन्ही गोष्टींनी हाताला इसब होतो आणि तो दिसतो जवळजवळ असाच. पण वाळू दोन्ही हातांनी दाबली जाते, साबण दोन्ही हातांना लागतो. म्हणून इसब बहुधा दोन्ही हातांना, बऱ्याचदा बोटांच्या मागच्या बाजूलाही. सोरायसिसही बहुधा दोन्हीकडे, आणि त्यात सालपटं जाड, कडा ठळक.

‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम दोनदा वापरला. एकाच हातात धरायच्या हत्याराचा, उदाहरणार्थ रबरी मुठीचा, इसब एकाच हाताला होऊ शकतो. उलट, बुरशी दोन्ही हातांनाही होते. एकच हात बिघडणं हा संशय आहे, पुरावा नव्हे. पुरावा खरवडीत मिळतो आणि त्याला फार तर एक तास लागतो.

खरवड कशी घेतात

आधी स्पिरिटने हात पुसायचा, म्हणजे मलमाचा तेलकटपणा आणि फाउंड्रीची काळी भुकटी जाते. खाली काळा कागद धरायचा. सर्जिकल पात्याच्या गोल पोटाने, धारेने नव्हे, आडवं धरून हलकं हलकं खरवडायचं. दुखत नाही. कुठून, याला महत्त्व आहे: जिथे बिघडलेली आणि चांगली कातडी भेटते त्या कडेतून आणि तळहाताच्या रेषांतून. मधला जुना भाग बघायला छान, पण तिथे बुरशी विरळ. काळ्या कागदावर पांढरा कोंडा पडतो, रव्यासारखा. चिमूटभर तरी हवा. नवशिका माणूस पाच-दहा कण घेऊन ‘काही नाही’ असा रिपोर्ट देतो आणि रुग्ण आणखी दोन वर्षं फिरतो.

तो कोंडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, लॅबच्या भाषेत केओएचचा, १० ते २० टक्क्यांचा थेंब टाकतात. हा क्षार केराटिन विरघळवतो, पण बुरशीची भिंत त्याला दाद देत नाही. कढीत बेसन विरघळावं आणि कढीपत्ता तसाच राहावा, तसं. तळहाताचा कोंडा जाड, म्हणून किंचित ऊब द्यायची आणि अर्धा तास थांबायचं. घाई केली तर नुसत्या पेशींचा ढीग दिसतो.

मग मायक्रोस्कोपचा प्रकाश कमी करून बघायचं. पेशींच्या फिकट फरशीवरून आरपार जाणारा एक चमकदार धागा दिसतो, मधे मधे गाठी, पुढे फाटा फुटलेला. फसवणारेही असतात. पेशींच्या कडांनी जाणारी जाळी बुरशीसारखी वाटते, पण ती फरशीच्या सांध्यांचं वळण घेते. खरी बुरशी सांधे मानत नाही, ओलांडून जाते. मोज्यातला कापसाचा तंतूही कधी कधी येतो, तो पिळलेला आणि फार जाड असतो.

आमच्या माणसाच्या तिन्ही काचपट्ट्यांत, डावा हात, उजवा पाय, डावा पाय, धागे होते. नखाखालच्या भुशातही.

कोणती बुरशी हे नक्की कळायला कोंडा खास आहारावर वाढवतात, त्याला दोन ते चार आठवडे जातात. आणि ज्या निळसर दिव्याखाली डोक्यातल्या काही बुरशा हिरव्या चमकतात, त्याखाली ही चमकत नाही. दिव्याखाली काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

ट्यूबचं काय?

त्याने खिशातून काढलीच. अर्धी पिळलेली, मेडिकलवाल्याने दिलेली. दोन आठवडे लावली की हात मऊ, लाली जाते. बंद केली की पहिल्यापेक्षा जास्त. असं दोन वर्षं चाललेलं.

त्या ट्यूबमध्ये एकात तीन औषधं होती: बुरशीचं, जिवाणूचं आणि एक तगडं स्टेरॉइड. स्टेरॉइड कातडीची फौज झोपवतं. लाली आणि खाज ही फौजेची लक्षणं, बुरशीची नव्हेत, म्हणून ती जातात आणि माणसाला बरं वाटतं. खाली बुरशी मोकाट पसरते, आणि वरून ओळखू येईनाशी होते. रात्रीच्या राखणदाराला गुंगीचं औषध दिलं की गाव शांत वाटणारच. २०१८ साली केंद्र सरकारने लावायची अनेक स्टेरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी अशी ट्यूब काउंटरवर मागितली की मिळते, हा आपला रोजचा अनुभव आहे. भारतात गेल्या काही वर्षांत औषधाला न जुमानणारा नायटा जो पसरलाय, त्याची बुरशी वेगळी, मुख्यतः अंगावरची आणि जांघेतली. पण तो पसरण्यात या ट्यूबांचा हात असल्याचं कातडीचे डॉक्टर सांगतात.

तपासणीला यायच्या आधी दोन आठवडे कसलीच ट्यूब लावली नसेल तर बरं. नाहीतर खरवड खोटं बोलू शकते. ट्यूब चालू असेल तर निदान ती सोबत आणावी आणि लाजू नये.

हात तेवढा बरा करा की

हेही तो म्हणाला. नखं आणि पाय राहू देत, हात लोकांना दिसतो.

इथेच सगळं फसतं. हात ही फांदी, मूळ पायात. हाताला मलम लावून तो चार आठवड्यांत स्वच्छ होतो आणि महिनाभरात टीव्हीसमोर पुन्हा पेरला जातो. म्हणून दोन्ही पाय, हात आणि नख एकाच वेळी धरावे लागतात.

बुरशी नुकती लागली असेल आणि कातडी पातळ असेल तर टर्बिनाफिनसारखं मलम दिवसातून एक-दोनदा, दोन ते चार आठवडे, दिसणाऱ्या कडेच्या बोटभर पुढेपर्यंत लावून भागतं. तळव्याच्या जाड पाचटातून मात्र मलम खाली पोचत नाही. तेव्हा पोटातून गोळी लागते. ती रक्तातून येऊन कातडीत खालून वर भरत जाते. मोठ्या माणसाला टर्बिनाफिनचा नेहमीचा डोस २५० मिलिग्रॅम रोज एकदा. नुसत्या कातडीसाठी दोन ते चार आठवडे, हाताच्या नखासाठी सहा, पायाच्या नखासाठी बारा. ही गोळी यकृतातून जाते, म्हणून आधी यकृताची रक्ततपासणी करतात. कावीळ झालेल्याने, रोज दारू घेणाऱ्याने, गरोदर बाईने किंवा इतर गोळ्या चालू असलेल्याने ती डॉक्टरला सांगितल्याशिवाय घ्यायची नाही. क्वचित जिभेची चव जाते. भूक मेली, डोळे पिवळे झाले, लघवी गर्द झाली, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

पाचट जाड असेल तर सोबत युरियाचं किंवा सॅलिसिलिक आम्लाचं मलम देतात, ते थर पातळ करतं. जुन्या लोकांना व्हिटफिल्ड मलम आठवत असेल. त्यात बेन्झोइक आणि सॅलिसिलिक ही दोन आम्लं असतात. झोंबतं, पण स्वस्त आहे. भेगांवर मात्र लावू नये.

आमच्या माणसाला नख होतं म्हणून बारा आठवडे. तीन महिन्यांनी हात स्वच्छ, तळवे जवळजवळ स्वच्छ, पण अंगठ्याचं नख पिवळंच. तो रागावला, गोळ्या फुकट गेल्या म्हणाला. नाही गेल्या. पायाच्या अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत यायला बारा ते अठरा महिने लागतात. मुळाशी जी गुलाबी पट्टी पुढे सरकत होती ती नवी. पिवळं फक्त कापलं जायची वाट बघत होतं. उलट मुळाशीच पिवळं परत दिसलं, तर मात्र औषध हरलं.

घरच्यांना लागेल का? आणि म्हशीमुळे झालं का?

दुसरं आधी. ही बुरशी माणसाची आहे, गोठ्यातली नव्हे. म्हशीकडून येणारी वेगळी, ती धार काढणाऱ्याच्या हातावर लाल फोडांचं चट्टं करते आणि लवकर ओळखू येते.

घरच्यांना लागू शकते, पण ताटातून किंवा पाणी देता-घेताना नव्हे. ओल्या बाथरूमची फरशी, सामायिक चप्पल, सामायिक टॉवेल आणि एकच नेलकटर या तिच्या वाटा. मोजे ६० अंशांच्या, म्हणजे हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात धुवावेत. फाउंड्रीवाल्याने बुटाचे दोन जोड आलटून-पालटून वापरावेत. ओला बूट एका रात्रीत वाळत नाही, आपल्या पावसाळ्यात तर नाहीच. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांच्या तळव्यांकडे घरच्यांनी जास्त लक्ष द्यावं. चिरेतून जिवाणू शिरून पाय सुजतो, आणि तो प्रकार कोंड्याइतका निरुपद्रवी नसतो.

नखासाठी तो चौथ्यांदा आला तेव्हा सोबत वडील होते. म्हातारे बाहेरच्या बाकावर बसले होते, बेळगावला बाजाराला म्हणून आलेले. डॉक्टरकडे यायचं नव्हतं त्यांना, काही होत नव्हतं. पायातली चप्पल त्यांनी दाराशी काढली होती आणि एक पाय दुसऱ्या मांडीवर टाकून, बोलता बोलता उजव्या हाताने टाचेचं साल काढत होते.

“बाबा, तो हात जरा दाखवा,” मी म्हटलं आणि आतून काळा कागद आणायला गेले.